ग्राहक कायद्याचा प्रसंग-प्रश्न सोडवायचा कसा? भुसावळच्या तेलघाण्याचं उदाहरण

बीबीए किंवा एमबीएच्या पहिल्या वर्षाला 'बिझनेस लॉ' आला की ग्राहक संरक्षण कायद्यावर क्विझ होतेच. जळगाव, धुळे, नंदुरबारकडची जी मुलं माझ्याकडे शिकायला येतात, त्यांच्या व्याख्या तोंडपाठ असतात. सहा ग्राहक हक्क विचारले तर धडाधड सांगतात: धोकादायक मालापासून संरक्षण, माहिती, निवड, म्हणणं ऐकलं जाणं, तक्रारीचं निवारण आणि ग्राहक जागरूकता. मार्क जातात ते दुसरीकडेच. प्रश्नात माणूस, यंत्र, बिल, दोन-तीन तारखा आणि एक मोठी रक्कम आली, आणि शेवटी 'तक्रार कुठे दाखल करावी?' असं विचारलं, की चारही पर्याय बरोबर वाटायला लागतात.

म्हणून इथे मी पूर्ण प्रकरण शिकवत नाही. असा प्रसंग-प्रश्न कोणत्या क्रमाने सोडवायचा तेवढंच सांगतो, एकच उदाहरण शेवटपर्यंत नेऊन. क्रम महत्त्वाचा आहे, कारण पहिल्याच पायरीवर उत्तर 'नाही' आलं तर पुढच्या पायऱ्यांना अर्थ उरत नाही.

आधी हाताशी कोणता कायदा आहे ते बघा

सध्या लागू आहे तो ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९. त्याच्या बहुतेक तरतुदी २० जुलै २०२० पासून अमलात आल्या आणि १९८६ चा जुना कायदा गेला. हे सगळ्यांना माहीत असतं, पण सीनियरकडून आलेल्या नोट्स आणि झेरॉक्सच्या दुकानात मिळणारे जुने प्रश्नसंच अजून जुन्याच कायद्यावर चाललेले असतात. ओळखायची सोपी खूण सांगतो. 'जिल्हा मंच' असं लिहिलं असेल तर मजकूर जुना. नव्या कायद्यात तो 'जिल्हा आयोग' आहे. जिल्ह्याची मर्यादा २० लाख दिली असेल तरी जुना. कलमांचे आकडे बघा: ग्राहकाची व्याख्या आता कलम २(७) मध्ये आहे, तक्रार दाखल करण्याची रीत कलम ३५ मध्ये आणि मुदत कलम ६९ मध्ये. पूर्वी हीच अनुक्रमे २(१)(ड), १२ आणि २४अ होती.

यापेक्षा अवघड खोडी वेगळीच आहे. २०१९ च्या कायद्यात जिल्हा आयोगाची मर्यादा मुळात १ कोटी होती, राज्य आयोगाची १ ते १० कोटी. ३० डिसेंबर २०२१ च्या नियमांनी केंद्र सरकारने ती खाली आणली. आता जिल्हा आयोग ५० लाखांपर्यंत, राज्य आयोग ५० लाखांच्या वर २ कोटींपर्यंत आणि राष्ट्रीय आयोग २ कोटींच्या वर. म्हणजे पुस्तक २०१९ च्याच कायद्यावर असूनही आकडा शिळा असू शकतो. प्रश्नात 'मूळ अधिनियमानुसार' असं स्पष्ट लिहिलं असेल तरच १ कोटी धरा. एरवी ५० लाख. उत्तरपत्रिकेत १ कोटी बरोबर दाखवलं असेल तर सरांना २०२१ चे नियम दाखवा, न भिता दाखवा. मार्कांचा प्रश्न आहे आणि तुमचं म्हणणं बरोबर आहे.

आता हा प्रश्न घ्या

'अ' हा भुसावळचा बेरोजगार पदवीधर. लाकडी घाण्याचं तेल काढून विकायचं म्हणून त्याने सुरतच्या एका कंपनीकडून ६,८०,००० रुपयांना तेलघाण्याचं यंत्र घेतलं. पूर्ण रक्कम भरली. बिलाची तारीख १८ मे २०२४, हमी दोन वर्षांची. यंत्र तो आणि त्याची बायको चालवतात, गोण्या उचलायला एक मजूर आहे. १० ऑगस्ट २०२४ रोजी गिअरबॉक्स बंद पडला. कंपनीच्या माणसाने येऊन दोनदा दुरुस्ती केली, पण यंत्र चाललं नाही. १४ ऑक्टोबर २०२४ रोजी कंपनीने यंत्र बदलून द्यायला लेखी नकार दिला. 'अ' ला यंत्राची किंमत परत हवी आहे, आणि बुडालेला धंदा व मानसिक त्रास धरून एकूण मागणी ६२ लाखांची आहे. त्याने काय करावं?

पर्याय असे: (१) तो ग्राहक नाही, दिवाणी न्यायालयात जावं. (२) मागणी ५० लाखांच्या वर आहे, राज्य आयोगाकडे जावं. (३) जळगाव जिल्हा आयोगाकडे जावं. (४) कंपनी सुरतची आहे, सुरतच्याच जिल्हा आयोगाकडे जावं.

पेन्सिल घ्या आणि तीन गोष्टींखाली रेघ मारा: यंत्र कशासाठी घेतलं, प्रत्यक्ष किती पैसे भरले आणि भानगड कोणत्या तारखेला सुरू झाली. ६२ लाखांखाली रेघ मारू नका. तो आकडा बहुतेक वेळा तुम्हाला चकवायलाच घातलेला असतो.

पायरी पहिली: हा ग्राहक आहे का?

इथे सगळ्यात जास्त वेळ द्या, कारण निम्मे चकवे इथेच असतात.

मोबदला देऊन वस्तू विकत घेणारा किंवा सेवा घेणारा तो ग्राहक. मोबदला पूर्ण दिलेला हवा असं नाही. द्यायचं कबूल केलं, थोडा दिला, हप्त्यांवर ठरवला, तरी चालतं. विकत घेणाऱ्याच्या संमतीने वस्तू वापरणाराही ग्राहक असतो. त्यामुळे मामांनी घेऊन दिलेल्या मोबाइलबद्दल भाचा तक्रार करू शकतो. खरेदी दुकानातून झाली की ऑनलाइन, याने फरक पडत नाही, नव्या व्याख्येत दोन्ही आहेत. बाहेर राहतात ते पुन्हा विकण्यासाठी माल घेणारे आणि 'व्यापारी हेतूने' घेणारे.

'अ' तेल काढून विकणार आहे, पैसे कमावणार आहे. मग हा व्यापारी हेतू नाही का? वर्गात हात वर करायला सांगितलं तर अर्ध्याहून अधिक जण पर्याय (१) ला हात वर करतात. पण कलम २(७) खाली एक स्पष्टीकरण आहे: केवळ स्वयंरोजगारातून स्वतःची उपजीविका चालवण्यासाठी घेतलेली आणि स्वतः वापरलेली वस्तू व्यापारी हेतूत मोडत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये लक्ष्मी इंजिनिअरिंग वर्क्स विरुद्ध पीएसजी इंडस्ट्रियल इन्स्टिट्यूट या प्रकरणात हे नीट समजावलं आहे. माणूस स्वतः यंत्र चालवतो आणि त्यावर पोट भरतो, तर एखादा मदतनीस ठेवला म्हणून तो व्यापारी होत नाही. 'अ' तिथे बसतो. पर्याय (१) काढून टाका.

प्रश्न रचणारे इथे काय बदलतात ते लक्षात ठेवा. 'बेरोजगार', 'स्वतः चालवतो', 'उदरनिर्वाह' असे शब्द असले की उत्तर बहुधा 'ग्राहक आहे'. 'कंपनीच्या तिसऱ्या शाखेसाठी', 'दहा यंत्रं', 'उत्पादन वाढवण्यासाठी' असं दिसलं की बहुधा 'नाही'. उलट्या बाजूचा चकवाही असतो. खरेदीदार मोठी संस्था आहे एवढ्यानेच ती ग्राहक नाही असं ठरत नाही. लीलावती कीर्तिलाल मेहता मेडिकल ट्रस्ट प्रकरणात (२०१९) ट्रस्टने परिचारिकांना राहायला सदनिका घेतल्या होत्या. त्या खरेदीचा नफा कमावण्याशी थेट संबंध नाही म्हणून न्यायालयाने ट्रस्टला ग्राहक मानलं. कोण घेतो हे दुय्यम, कशासाठी घेतो हे मुख्य.

आपल्याकडच्या मुलांना अडवणारा आणखी एक प्रश्न आहे शेतकऱ्याचा. कापसाचं बियाणं घेतलं, उगवलंच नाही. शेतकरी कापूस बाजारात विकतो, मग तो ग्राहक कसा? शिरपूरकडच्या एका विद्यार्थ्याने मला हेच विचारलं होतं, आणि घरी असा प्रसंग घडलेला असल्यामुळे तो पोटतिडकीने विचारत होता. उत्तर असं: तो ग्राहकच आहे. नॅशनल सीड्स कॉर्पोरेशन विरुद्ध एम. मधुसूदन रेड्डी (२०१२) या निकालात सर्वोच्च न्यायालयाने शेतकऱ्याला ग्राहक मानलं आणि बियाण्यांचा वेगळा कायदा असला तरी ग्राहक आयोगाचा रस्ता बंद होत नाही असं सांगितलं.

त्याच निकालातला दुसरा मुद्दा क्विझमध्ये कमी येतो, पण मला तो फार मोलाचा वाटतो. कंपन्या म्हणायच्या, बियाण्याचा नमुना प्रयोगशाळेत तपासलाच नाही, तर दोष सिद्ध कसा झाला? न्यायालय म्हणालं, शेतकरी घेतलेलं सगळं बियाणं पेरतो. पुढे वाद होईल म्हणून त्यातलं थोडं बाजूला काढून ठेवेल अशी अपेक्षाच करता येत नाही. कृषी अधिकाऱ्यांनी शेतात येऊन केलेला पाहणी अहवाल अशा वेळी पुरावा ठरतो. तेव्हा 'प्रयोगशाळेचा अहवाल नसल्यास तक्रार फेटाळली जाईल' असा पर्याय दिसला तर त्यावर खूण करू नका.

सेवांबद्दल थोडक्यात. सर्वांनाच मोफत उपचार देणारं रुग्णालय कायद्याच्या बाहेर, पण काही रुग्णांकडून पैसे घेणारं आणि काहींना मोफत तपासणारं रुग्णालय दोघांच्याही बाबतीत कायद्याच्या आत, हे व्ही. पी. शांता प्रकरणापासून (१९९५) ठरलेलं आहे. वकिलाची सेवा मात्र या कायद्याखाली येत नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने मे २०२४ मध्ये दिला. जुन्या प्रश्नसंचात याचं उत्तर उलटं असू शकतं.

पायरी दुसरी: तक्रार नेमकी कशाची?

ही पायरी लहान आहे. वस्तूत खोट असेल तर 'दोष', सेवेत कमी पडलं तर 'त्रुटी', आणि फसवून विकणं, बिल न देणं, बिघडलेला माल परत न घेणं असे प्रकार 'अनुचित व्यापारी प्रथा'. 'अ' च्या यंत्रात दोष आहे, आणि हमीच्या काळात नीट दुरुस्ती न करणं ही सेवेतली त्रुटी. दोन्ही एकाच तक्रारीत मांडता येतात. परतीच्या मुदतीवर एक प्रश्न हमखास असतो: बिलावर परतीची मुदत लिहिलेलीच नसेल तर? तेव्हा ३० दिवस धरतात.

पायरी तिसरी: कोणता आयोग?

आता रेघ मारलेल्या रकमेकडे या. जुन्या कायद्यात वस्तूची किंमत आणि मागितलेली नुकसानभरपाई यांची बेरीज करून आयोग ठरत असे. नव्या कायद्यात फक्त वस्तूसाठी किंवा सेवेसाठी मोबदला म्हणून भरलेली रक्कम बघतात. 'अ' ने भरले ६,८०,०००. मागणी ६२ लाखांची असो की ६ कोटींची, प्रकरण ५० लाखांच्या आतलं, म्हणजे जिल्हा आयोगाचं. पर्याय (२) गेला.

हे अन्यायाचं वाटतं का? तसं वाटणारे बरेच होते. स्वस्त वस्तूमुळे मोठं नुकसान झालेल्या माणसाला खालच्या पायरीवर पाठवणं घटनाबाह्य आहे, असा आक्षेप सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. एप्रिल २०२५ मध्ये ऋतू मिहिर पांचाळ विरुद्ध भारत सरकार या प्रकरणात न्यायालयाने भरलेल्या रकमेचा निकष कायम ठेवला. भरपाई किती द्यायची यावर मर्यादा येत नाही, फक्त दाद कुठे मागायची ते ठरतं, हे इथे नीट समजून घ्या. जिल्हा आयोग ५० लाखांहून जास्त भरपाई देऊच शकत नाही, असा पर्याय आला तर तो चूक.

या निकषाची सगळ्यात तीक्ष्ण परीक्षा विम्याच्या प्रश्नात होते. विमा १ कोटीचा, वर्षाचा हप्ता ३०,००० रुपये, कंपनीने दावा नाकारला. मोबदला म्हणून भरलेली रक्कम कोणती? हप्ता. मग जिल्हा आयोग. वर्गात या प्रश्नाला 'राज्य आयोग' म्हणणारेच जास्त निघतात.

दाखल करण्याची फीसुद्धा याच रकमेवर ठरते. ५ लाखांपर्यंत काहीच नाही, ५ ते १० लाखांना २०० रुपये, १० ते २० लाखांना ४००, २० ते ५० लाखांना १,०००. 'अ' ला २०० रुपये भरावे लागतील. दिवाणी दाव्याच्या कोर्ट फीच्या तुलनेत हे काहीच नाही.

पायरी चौथी: कोणत्या गावचा आयोग?

कंपनी सुरतची, म्हणून तक्रारही सुरतला, ही जुन्या कायद्यातली ओढाताण. तेव्हा समोरचा पक्ष कुठे आहे किंवा वादाचं कारण कुठे घडलं, हे बघावं लागे. आता कलम ३४ मध्ये आणखी एक सोय आहे: तक्रारदार जिथे राहतो किंवा पोटापाण्यासाठी जिथे काम करतो, तिथेही तक्रार करता येते. 'अ' भुसावळला राहतो, भुसावळ जळगाव जिल्ह्यात, म्हणून जळगाव जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोग. सुरतला जायचं तर तो जाऊ शकतो, पण पर्याय (४) मध्ये 'सुरतच्याच' असं आहे. त्या 'च' मुळे तो पर्याय चुकतो. उत्तर (३).

नंदुरबारच्या मुलांसाठी हा प्रश्न रोजच्या जगण्यातला आहे. नवापूर-तळोद्याची मंडळी खरेदीला सर्रास गुजरातेत जातात. त्यांनी तिकडे घेतलेल्या वस्तूबद्दल नंदुरबारच्या आयोगात तक्रार करता येते.

एका चुकीपासून सावध करतो. 'जिल्हा ग्राहक संरक्षण परिषद' आणि 'जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोग' ही दोन वेगळी मंडळं आहेत. परिषदेचे अध्यक्ष जिल्हाधिकारी असतात आणि तिचं काम सल्ला देण्याचं. तक्रारीचा निकाल आयोगच देतो. तसंच केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाचं. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीवर ते १० लाखांपर्यंत दंड करू शकतं, पुन्हा तोच गुन्हा केला तर ५० लाखांपर्यंत. पण एका 'अ' ला त्याच्या यंत्राची भरपाई हवी असेल तर ती आयोगाकडेच मागावी लागते.

पायरी पाचवी: वेळ उलटून गेली का?

वादाचं कारण घडल्यापासून दोन वर्षं. 'अ' च्या गोष्टीत दोन तारखा लढतात: यंत्र बंद पडलं ती १० ऑगस्ट २०२४, आणि लेखी नकार आला ती १४ ऑक्टोबर २०२४. क्विझमध्ये बहुतेकदा 'वादाचे कारण अमुक तारखेला घडले' असं सरळ दिलेलं असतं, तेव्हा तीच तारीख घ्या. प्रत्यक्षात कुणी विचारलं तर अलीकडची तारीख धरून बसू नका, आधीच्या तारखेपासून मोजा. म्हणजे १० ऑगस्ट २०२६ च्या आत. नंतर वाद नको.

खरा चकवा असा असतो: 'अ' ने दर दोन महिन्यांनी कंपनीला पत्र पाठवलं, शेवटचं मार्च २०२६ मध्ये, मग मुदत मार्च २०२८ पर्यंत वाढली का? नाही. आपण पत्रं पाठवत राहिल्याने मुदत वाढत नाही. हेल्पलाइन १९१५ वर नोंदवलेल्या तक्रारीनेही घड्याळ थांबत नाही. ती सोय चांगली आहे, अनेकदा दुकानदार तेवढ्यानेच वळणावर येतो. पण ती करणं सक्तीचं नाही आणि आयोगातल्या तक्रारीची जागा ती घेत नाही. वकील लावणंही सक्तीचं नाही, 'अ' स्वतः उभा राहू शकतो.

दोन वर्षं उलटली तर तक्रार आपोआप मेली असंही नाही. उशिराचं पुरेसं कारण दाखवून विलंब माफीचा अर्ज करता येतो, आणि आयोगाला पटलं तर कारणं नोंदवून तो तक्रार घेतो. पर्यायात 'कोणत्याही परिस्थितीत' असे शब्द असले की थांबा.

पायरी सहावी: दाखल केल्यावर

इथे आकड्यांचा गोंधळ उडतो, म्हणून 'अ' च्या तक्रारीबरोबर चालू या. तक्रार दाखल करून घ्यायची की नाही, हे साधारणपणे २१ दिवसांत ठरावं लागतं. त्यात ठरलं नाही तर ती दाखल झाली असं मानतात. नोटीस आणि तक्रारीची प्रत सुरतच्या कंपनीला मिळाली की तिला उत्तर द्यायला ३० दिवस. आयोग आणखी १५ दिवस देऊ शकतो, त्यापुढे एक दिवसही नाही. न्यू इंडिया अशुरन्स विरुद्ध हिली मल्टिपर्पज कोल्ड स्टोरेज या प्रकरणात घटनापीठाने मार्च २०२० मध्ये हे बंधनकारक ठरवलं. निकाल जुन्या कायद्यावरचा आहे, पण नव्या कायद्यातली मुदत तीच आहे. सेहेचाळिसाव्या दिवशी कंपनीचा वकील कितीही चांगलं कारण घेऊन आला तरी उत्तर घेतलं जात नाही.

कायद्यात ४५ दिवस तीन ठिकाणी येतात: हे उत्तराचे एकूण ४५, प्रयोगशाळेच्या अहवालाचे ४५, आणि जिल्हा आयोगाच्या निकालावर राज्य आयोगाकडे अपील करायचे ४५. राज्य आयोगाकडून राष्ट्रीय आयोगाकडे आणि तिथून सर्वोच्च न्यायालयात जाताना मात्र ३० दिवस. वर जाताना मुदत कमी होते, एवढं धरलं तरी पुरे. जुन्या कायद्यात पहिल्या अपिलालाही ३० च होते, त्यामुळे जुन्या उत्तरसूचीत ३० दिसेल.

समजा जळगाव आयोगाने कंपनीला एकूण ७,५०,००० रुपये द्यायला सांगितले. कंपनीला अपील करायचं तर आधी निम्मी रक्कम, ३,७५,००० रुपये, भरावी लागेल. जुन्या कायद्यात ५० टक्के किंवा २५,००० यातली कमी ती रक्कम भरली की भागत असे, त्यामुळे २५,००० चा पर्याय अजून फिरतो. आणि भरपाई कमी वाटली म्हणून 'अ' ने अपील केलं तर? त्याला काही भरावं लागत नाही. ही अट ज्याला पैसे द्यायला सांगितलेत त्याच्यासाठीच आहे.

कंपनीने अपीलही केलं नाही आणि पैसेही दिले नाहीत तर कलम ७२ आहे: किमान एक महिना ते तीन वर्षांपर्यंत कैद, किंवा किमान २५,००० ते १ लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही.

एकेक गोष्ट बदलून बघा

हा प्रश्न सुटला की लगेच पुढच्या प्रश्नाकडे पळू नका. याच गोष्टीतली एकच बाब बदला, बाकी तशीच ठेवा आणि उत्तर कुठे सरकतं ते बघा. दोघं-तिघं मिळून केलंत तर अजून बरं, एकाने बदलायचं आणि दुसऱ्याने सांगायचं. माझ्या एका विद्यार्थिनीची अशा वेळी पहिली हाक ठरलेली असायची, "पावती शे का?" आणि ती हाक अगदी योग्य होती, कारण बिलावरूनच मोबदला आणि तारीख दोन्ही कळतात.

'अ' ने एकाऐवजी आठ यंत्रं घेतली आणि तीन गावांत पगारी माणसं ठेवून चालवली. आता उपजीविकेचं स्पष्टीकरण लागू होत नाही, पर्याय (१) बरोबर होतो आणि पुढच्या सगळ्या पायऱ्या गळतात.

यंत्राऐवजी 'अ' ने जळगावात स्वतःला राहायला ५६ लाखांची सदनिका घेतली, पूर्ण रक्कम भरली आणि बिल्डरने ताबा दिला नाही. मागणी फक्त ५६ लाख परत मिळावेत एवढीच. तरी राज्य आयोग, कारण भरलेली रक्कम ५० लाखांच्या वर. १ कोटीवाली जुनी उत्तरसूची इथे 'जिल्हा आयोग' म्हणेल.

यंत्र 'अ' च्या वडिलांनी घेतलं, बिल त्यांच्या नावावर, चालवतो 'अ'. वडिलांच्या संमतीने वापरतो, म्हणून 'अ' ग्राहक. उत्तर (३) तसंच राहतं.

आयोगाने प्रकरण मध्यस्थीकडे पाठवलं, कंपनी नवा गिअरबॉक्स आणि ८०,००० रुपये द्यायला तयार झाली, दोघांनी समझोत्यावर सह्या केल्या आणि आयोगाने तसा आदेश काढला. महिन्याभराने 'अ' ला वाटलं, फार थोडक्यात मिटवलं. ४५ दिवस अजून संपलेले नाहीत, मग अपील करता येईल का? दिवस शिल्लक असले तरी नाही. मध्यस्थीतल्या समझोत्यावरून निघालेल्या आदेशावर अपील चालत नाही.